दोन ठिकाणी गायलेले युगुलगीत : वेळ आणि आवाज जुळवण्याची रीत

दोन गायकांनी वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या वेळी चित्रित केलेले गाणे एकाच पडद्याच्या दोन भागांत शेजारी शेजारी मांडणे, हे विभागलेल्या पडद्यावरच्या युगुलगीताचे वरवरचे रूप. चित्रे शेजारी ठेवणे हा त्यातला सोपा भाग असतो. अवघड भाग कानाचा असतो. एकत्र उभे राहून गाणारे दोघे एकमेकांचा श्वास ऐकून ओळ उचलतात, दुसऱ्याचा आवाज दबतोय असे वाटले तर आपला आवाज आपसूक खाली घेतात. वेगळ्या ध्वनिमुद्रणात ही दोन्ही कामे घडलेलीच नसतात. ती नंतर संपादनाच्या टेबलावर करावी लागतात. पहिल्या कामाला वेळ जुळवणे म्हणतात आणि दुसऱ्याला पातळी जुळवणे.

सामाईक ट्रॅक

दोन आवाज एकमेकांशी जुळवायला बसले की काम भरकटते, कारण दोन्हीही हलणारे असतात. गायिका एका ओळीत जरा मागे राहिलेली असते, गायक पुढच्या ओळीत थोडा घाई करतो. कोणाला प्रमाण मानायचे हे ठरत नाही. म्हणून दोघांनाही न हलणाऱ्या तिसऱ्या गोष्टीशी जुळवावे लागते. ती गोष्ट म्हणजे दोघांनी कानात ऐकलेला साथीचा ट्रॅक. अमेरिकन संगीतकार एरिक व्हिटॅकर यांनी २०१० मध्ये १२ देशांतल्या १८५ गायकांचे समूहगान इंटरनेटवरून जमवले, तेव्हा सगळ्यांनी त्यांच्या संचलनाचे एकच चित्रण समोर ठेवून गायले होते. दोघांच्या गाण्यातही तत्त्व तेच.

हा ट्रॅक थोडा तयार करून घ्यावा लागतो. सुरुवातीला एकेका सेकंदाच्या अंतराने तीन टोकदार टिक ठेवायचे. पहिला बरोबर १ सेकंदावर. मग दहा सेकंदांची शांतता, मग लयीत चार मात्रांची मोजणी आणि नंतर गाणे. गाणे संपल्यावर काही सेकंदांनी पुन्हा तीन टिक. सुरुवातीचे आणि शेवटचे टिक गायकासाठी नसतात, मुद्रणासाठी असतात. ट्रॅक एका फोनवर वाजतो आणि दुसरा फोन चित्रण करतो. टिक वाजताना गायक इअरफोन चित्रण करणाऱ्या फोनच्या माइकजवळ धरतो, शांततेच्या दहा सेकंदांत तो कानात घालतो आणि मोजणी ऐकून गायला लागतो. अशा रीतीने ट्रॅकवरची खूण त्याच्या क्लिपमध्येच उमटते.

टाळी वाजवून जुळवण्याची जुनी पद्धत इथे अपुरी पडते. टाळी माणूस वाजवतो, त्यामुळे ती टिकच्या थोडी अलीकडे किंवा पलीकडे पडते. चित्र एका यंत्रावर आणि आवाज वेगळ्या माइकवर घेतला असेल तर ती दोन मुद्रणे एकमेकांशी जुळवायला टाळी उत्तम. ट्रॅकशी जुळवायला मात्र टिकच हवेत. टिकचा आणखी एक फायदा ब्लूटूथ इअरफोनच्या बाबतीत दिसतो. अशा इअरफोनमध्ये आवाज साधारण १०० ते ३०० मिलिसेकंद उशिरा पोचतो, म्हणून गायकही तेवढाच उशिरा गातो. टिक त्याच इअरफोनमधून माइकवर पडलेले असतील तर हा उशीर त्यांच्यातही धरलेला असतो आणि जुळणी करताना आपोआप निघून जातो. काही इअरफोन कानातून काढले की वाजणे थांबवतात. ती सोय आधी बंद करावी लागते. वायरचा इअरफोन वापरला तर हे दोन्ही प्रश्न उरत नाहीत.

गायकांनी कोणत्या क्रमाने गायचे यालाही महत्त्व आहे. दोघांनी नुसत्या ट्रॅकवर स्वतंत्रपणे गायले तर वेळ जुळते, पण संवाद जुळत नाही. म्हणून आधी एकाने गावे, त्याचा आवाज ट्रॅकशी जुळवून घ्यावा आणि हे कच्चे मिश्रण दुसऱ्याला ऐकायला पाठवावे. न जुळवता पाठवले तर पहिल्याचा उशीर दुसऱ्याच्या गाण्यात शिरतो आणि त्यात दुसऱ्याचा स्वतःचा उशीरही मिसळतो.

चूक ओळखण्याची खूण

वेळ चुकण्याची कारणे चार असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच मागे किंवा पुढे असेल तर तो स्थिर फरक. क्लिप एकदाच सरकवली की तो जातो. सुरुवातीला सगळे नीट असेल आणि शेवटाकडे जाताना अंतर सावकाश वाढत असेल तर तो घसरता फरक. ट्रॅक वाजवणारा फोन आणि मुद्रण करणारा फोन यांची घड्याळे किंचित वेगळ्या वेगाने चालतात, त्याचा हा परिणाम. एखाद्या जागी अचानक उडी दिसत असेल तर तिथे ट्रॅक अडखळला असणार, बहुधा फोन आल्यामुळे किंवा सूचना वाजल्यामुळे. अशी ओळ पुन्हा गाऊन घेणेच सोयीचे. आणि फरक ओळीओळीला बदलत असेल, कधी मागे कधी पुढे, तर तो यंत्राचा नसतो, गायकाचा असतो. पहिल्या तिन्हींचा निकाल लागल्याशिवाय चौथ्याला हात लावू नये, नाहीतर यंत्राचा दोष गायकाच्या माथी मारला जातो.

घसरत्या फरकासारखा दिसणारा पण चित्रातून येणारा एक दोष वेगळा ओळखावा लागतो. फोन चित्रणात फ्रेमचा वेग एकसारखा ठेवत नाहीत. प्रकाश कमी झाला की तो बदलतो. संपादन प्रणाली एकच वेग धरून चालली तर चित्र आवाजापासून दूर जाते. प्रत्यक्ष वेग सेकंदाला २९.९७ फ्रेम असताना ३० धरला, तर हजारात एक एवढी चूक होते आणि चार मिनिटांच्या गाण्याच्या शेवटी ओठ पाव सेकंद सुटलेले दिसतात. कामाला लागण्यापूर्वी दोन्ही क्लिप समान, स्थिर वेगाच्या करून घेतल्या आणि दोन्हींचा आवाज सेकंदाला ४८,००० नमुन्यांचा ठेवला की हा प्रश्न येत नाही.

एक उदाहरण आकड्यांत

समजा, गाणे ४ मिनिटे १० सेकंदांचे आहे आणि लय मिनिटाला ९६ मात्रांची. म्हणजे एक मात्रा ६२५ मिलिसेकंदांची. ट्रॅकवर पहिला टिक १.००० सेकंदावर आणि शेवटच्या टिकांपैकी पहिला २७२.००० सेकंदावर आहे. गायिकेच्या क्लिपमध्ये पहिला टिक ३.४१२ सेकंदावर दिसतो. तिच्या क्लिपचे पहिले २.४१२ सेकंद कापले की ती ट्रॅकवर बसते. गायकाच्या क्लिपमध्ये पहिला टिक ७.८५० सेकंदावर आहे, म्हणून त्याचे ६.८५० सेकंद जातात. ही मापे ऑडॅसिटी किंवा रीपरसारख्या ध्वनिसंपादन प्रणालीत तरंगचित्र मोठे करून, टिकच्या पहिल्या उभ्या कडेवरून घ्यायची. टिकच्या फुगवट्याचा मध्य धरला तर काही मिलिसेकंदांची चूक होते.

आता शेवट तपासायचा. गायिकेच्या शेवटच्या टिकांपैकी पहिला अपेक्षेप्रमाणे २७४.४१२ वर आहे. गायकाचा २७८.८५० वर असायला हवा होता, तो २७८.८६६ वर सापडतो. म्हणजे २७१ सेकंदांत १६ मिलिसेकंदांची घसरण, दहा लाखांत सुमारे ६० भाग. आलटून पालटून गायलेल्या ओळींत हे जाणवणार नाही, पण शेवटचे ध्रुवपद दोघे एकत्र गात असतील तर तिथे आवाज किंचित पसरट होईल. संपूर्ण क्लिप ताणण्या-आवळण्याची गरज नाही. दोन अंतऱ्यांच्या मध्ये, जिथे गायक गप्प आहे, तिथे क्लिप कापून पुढचा भाग ८ मिलिसेकंद अलीकडे घ्यावा. शेवटच्या ध्रुवपदाआधी पुन्हा ८.

चित्राला एवढी बारीक हालचाल शक्य नसते. सेकंदाला ३० फ्रेम असतील तर एक फ्रेम ३३ मिलिसेकंदांची, आणि चित्र पूर्ण फ्रेमनेच सरकते. गायिकेचे २.४१२ सेकंद म्हणजे ७२.३६ फ्रेम, चित्राच्या ७२ फ्रेम कापल्या तर आवाज १२ मिलिसेकंद पुढे राहतो. गायकाचे ६.८५० सेकंद म्हणजे बरोबर २०५.५ फ्रेम. २०५ कापल्या तर आवाज १७ मिलिसेकंद पुढे, २०६ कापल्या तर तेवढाच मागे. इथे २०६ घ्यावे. दूरचा आवाज नेहमी दृश्यानंतर कानावर येतो, त्यामुळे माणसाला मागचा आवाज खपतो, पुढचा खटकतो. युरोपीय प्रसारण संघटनेच्या शिफारशीतही आवाज चित्राच्या पुढे ४० आणि मागे ६० मिलिसेकंदांपर्यंत चालतो. म्हणूनच आवाजाची जुळणी ध्वनिसंपादनात मिलिसेकंदाने आणि चित्राची फ्रेमने, अशी दोन वेगळ्या जागी करावी. चित्रसंपादनात फ्रेमने आवाज सरकवत बसल्यास युगुलगीत कधीच नेमके बसत नाही.

मिश्रण तयार झाले, ते ट्रॅकच्या शून्यापासून सुरू होणारी फाइल म्हणून जपले आणि दोन्ही चित्रे आडवी, १९२० बाय १०८० ची असली, की जोडणी एका आज्ञेत होते :

```
ffmpeg -ss 2.400 -i left.mp4 -ss 6.866 -i right.mp4 -i mix.wav \
-filter_complex "[0:v]fps=30,crop=960:1080[a];[1:v]fps=30,crop=960:1080[b];[a][b]hstack[v]" \
-map "[v]" -map 2:a -c:v libx264 -crf 18 -pix_fmt yuv420p \
-c:a aac -b:a 256k -shortest duet.mp4
```

यात प्रत्येक चित्राचा मधला ९६० रुंदीचा भाग घेतला जातो आणि मूळ क्लिपमधला आवाज पूर्ण वगळून फक्त मिश्रण वापरले जाते. टिकांचा आणि शांततेचा भाग शेवटी कापून टाकायचा.

गायकाची लय

यंत्राचे फरक निघाल्यावर जे उरते ते गाणे. एकट्याने गायलेली ओळ मात्रेच्या ३०-४० मिलिसेकंद मागे रेंगाळत असेल तर ती बहुधा गायकी असते. ती ठेक्यावर आणून बसवली तर ओळ निर्जीव होते. हात लावायचा तो जिथे दोघे एकत्र गातात तिथेच. एकत्र स्वरात २०-३० मिलिसेकंदांचा फरक आवाजाला भरीवपणा देतो. तो ५० च्या पुढे गेला की शब्द दोनदा ऐकू येऊ लागतो.

शब्द जुळवताना त्याची दिसणारी सुरुवात फसवते. 'स' किंवा 'श' ने सुरू होणाऱ्या शब्दात सीत्काराचा भाग मात्रेआधी येतो आणि स्वर मात्रेवर पडतो. 'क', 'त', 'प' मध्ये हा आगाऊ भाग फारच लहान असतो. म्हणून तरंगचित्रात शब्दाची पहिली रेघ न धरता स्वर जिथे उघडतो ती जागा दोन्ही आवाजांत एका रेषेत आणायची. ओळीच्या शेवटी उलट घडते. दोघांचा 'त' किंवा 'स' वेगवेगळ्या क्षणी संपला तर शेवट तुटक वाटतो. तिथे वेळ हलवण्यापेक्षा एकाचा शेवटचा व्यंजनाचा भाग हळूच मिटवून दुसऱ्याचाच ठेवणे जास्त स्वाभाविक लागते. ओळीआधीचा श्वास मात्र कापू नये. पुढची ओळ येत असल्याची सूचना ऐकणाऱ्याला त्यातूनच मिळते.

पातळी : माप आणि कान

दोन आवाजांच्या पातळीतला फरक गळ्यापेक्षा मुद्रणाने जास्त पडतो. एकाने माइकपासून २० सेंटिमीटरवर गायलेले असते, दुसऱ्याने फोन दोन मीटरवर ठेवून. फोनची स्वयंचलित पातळी हळू ओळ उचलते आणि वरच्या स्वरावर आवाज दाबते. गोंगाट कमी करणारी प्रणाली लांब धरलेला स्वर हाच गोंगाट समजून त्याचे शेपूट खाते. ही दोन्ही नुकसाने नंतर भरून येत नाहीत, म्हणून मुद्रणाआधीच त्या सोयी बंद कराव्यात आणि सर्वांत मोठी ओळ गाऊन पाहून शिखर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवावे. शून्याला टेकून फाटलेला आवाज दुरुस्त होत नाही.

काम तीन टप्प्यांत होते. पहिला टप्पा मापाचा. फक्त गायलेल्या भागाची सरासरी ध्वनिमात्रा मोजायची. शांत जागा धरल्या तर कमी ओळी गाणाऱ्याचा आकडा उगाच खाली येतो. वरच्या उदाहरणात गायिकेची मात्रा उणे २१ आणि गायकाची उणे २७ एलयूएफएस आली, तर गायकाला ६ डेसिबल चढवायचे. त्याबरोबर त्याच्या खोलीतल्या पंख्याचा आवाजही ६ डेसिबल चढतो. तो गप्प असताना क्लिप एकदम बंद केली तर पंखा चालू-बंद होताना ऐकू येतो, म्हणून ओळीच्या आधी-नंतर हळूहळू उतार द्यावा लागतो.

दुसरा टप्पा ओळींचा. सरासरी जुळली तरी एकेक ओळ जुळलेली नसते. प्रत्येक ओळ वेगळी कापून हाताने एक-दोन डेसिबल वरखाली करावी आणि मगच कॉम्प्रेसर लावावा. तीनास एक प्रमाण आणि मोठ्या स्वरांवर तीन-चार डेसिबलची घट पुरेशी असते. आधी कॉम्प्रेसर लावला तर तो हाताने करायचे काम ओढूनताणून करतो आणि आवाज घुसमटतो.

तिसरा टप्पा कानाचा, आणि इथे माप मागे पडते. पुरुषाची सोयीची पट्टी काळी एक किंवा पांढरी दोन असते, स्त्रीची काळी चार किंवा पाच. युगुलगीत एकाच पट्टीत गायचे, तेव्हा कोणीतरी आपल्या पल्ल्याच्या खालच्या टोकाला जातोच. तिथे आवाजातली धार कमी होते आणि आकडा सारखा असूनही तो मागे पडल्यासारखा वाटतो. माणसाचा कान तीन ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो. तार सप्तकात गाणाऱ्या गायिकेची ऊर्जा त्या बाजूला असते. मंद्रात गाणाऱ्या गायकाची तबल्याच्या डग्ग्याबरोबर खाली साचते. अशा ओळींना नुसते चढवण्यापेक्षा अडीच हजार हर्ट्झच्या आसपास दोन डेसिबल द्यावेत आणि साथीचा तोच पट्टा थोडा उतरवावा. शब्द वर येतात, गोंगाट येत नाही.

एकत्र ओळीत दोन सारख्या पातळीचे आवाज मिळून सुमारे ३ डेसिबलने वाढतात. त्यामुळे तिथे दोघांनाही दोन-दोन डेसिबल खाली घ्यावे, नाहीतर ध्रुवपद अंगावर येते. एक जण मूळ चाल आणि दुसरा वेगळ्या स्वरांची जोड गात असेल तर जोड तीन-चार डेसिबल खाली हवी. तीच वर राहिली तर ऐकणाऱ्याला चालच हरवल्यासारखी वाटते. मिश्रण ffmpeg च्या `amix` ने करत असल्यास एक खोच लक्षात ठेवावी. ती प्रणाली प्रवाहांच्या संख्येप्रमाणे प्रत्येक आवाज आपोआप उतरवते. `normalize=0` लिहिले तरच ठरवलेली पातळी टिकते.

दोन खोल्या, एक जागा

वेळ आणि पातळी बरोबर असूनही गाणे चिकटवल्यासारखे वाटते, ते खोलीमुळे. एक आवाज पडदे-गाद्यांच्या खोलीतला कोरडा असतो, दुसरा फरशीच्या दिवाणखान्यातला घुमणारा. घुमलेला आवाज कोरडा करणे जवळपास अशक्य, पण कोरड्याला घुमारा देता येतो. म्हणून ओल्या आवाजाला प्रमाण धरून कोरड्याला तेवढ्याच लांबीचा कृत्रिम घुमारा द्यावा आणि मग दोघांवर मिळून एकच हलका घुमारा घालावा. डाव्या चौकटीतला आवाज किंचित डावीकडे, उजवीतला किंचित उजवीकडे ठेवला की डोळा आणि कान एक होतात. पण ही सरक पूर्ण टोकाला नेऊ नये. एकच इअरफोन लावून ऐकणाऱ्याला मग एकच गायक ऐकू येतो.

चित्रातही दोन खोल्या लपवण्यासाठी मोजक्याच गोष्टी लागतात. दोघांचे डोळे एका उंचीवर, डोक्यांचा आकार सारखा, कॅमेरा नजरेच्या रेषेत, आणि डावीकडचा गायक किंचित उजवीकडे वळलेला. दोघांनीही संपूर्ण गाणे चालू असेपर्यंत चौकटीत राहावे. दुसऱ्याची ओळ ऐकतानाचा चेहरा नसेल तर पडदा अर्धा रिकामा दिसतो.

अखेरची तपासणी

तयार गाणे चार प्रकारे ऐकावे. आधी अगदी हळू आवाजात, कारण तेव्हा जो गायक बुडतो तो खरोखरच खाली असतो. मग फोनच्या स्पीकरवर. त्यात खालचे स्वर फारसे वाजत नाहीत आणि पुरुषाच्या आवाजाचा पाया गायब होतो, तरी शब्द कळले पाहिजेत. मग डोळे मिटून, फक्त एकत्र ओळी. शेवटी आवाज बंद करून, फक्त ओठ आणि श्वास पाहत. पूर्ण मिश्रणाची मात्रा उणे १४ एलयूएफएसच्या आसपास आणि शिखर उणे १ डेसिबलच्या खाली ठेवले तर यूट्यूबसारख्या जागी ते आपोआप उतरवले जात नाही.

या रीतीला मर्यादा आहेत. स्थिर ठेक्याच्या गाण्यात ती पूर्ण काम करते; आलापीच्या भागात, जिथे दोघे एकमेकांची वाट पाहतात, तिथे ट्रॅकला पकडायला मात्राच नसते. अशा भागात पहिल्याचा आलाप हाच दुसऱ्याचा ट्रॅक होतो आणि दुसऱ्याने तो अनेकदा ऐकून मगच गायचा असतो. सुराचा फरकही वेळ-पातळीने झाकत नाही. एकाने मूळ ट्रॅकवर आणि दुसऱ्याने पट्टी बदललेल्या प्रतीवर गायले असेल, तर जुळणीला बसण्याऐवजी एकाने पुन्हा गाणे हाच मार्ग उरतो.